गुरुवार ज्या वर्षाचा, आठवडा त्या वर्षाचा

जर्मन कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या पुण्याजवळच्या कारखान्यांत मागणीपत्रकावर अनेकदा तारीख नसतेच. ‘केडब्ल्यू ३३’ एवढंच लिहिलेलं असतं, म्हणजे माल वर्षाच्या तेहेतिसाव्या आठवड्यात हवा. अशा वेळापत्रकांची सॉफ्टवेअर तयार करणं हे माझं काम. वर्षभर हे क्रमांक कुणाला त्रास देत नाहीत. डिसेंबरचा शेवट आला की मात्र दरवेळी तोच प्रश्न येतो: ‘३१ डिसेंबर पहिल्या आठवड्यात कसा?’

हे क्रमांक ज्या आयएसओ ८६०१ मानकातून येतात, त्यात आठवडा सोमवारी सुरू होतो आणि तो कधीही तोडला जात नाही. सात दिवस एकत्रच राहतात, मग मध्ये नवं वर्ष लागलं तरी. असा दोन वर्षांत पसरलेला आठवडा कोणाच्या खात्यात टाकायचा? ज्या वर्षात त्याचे जास्त दिवस, त्याच्या. सोमवार ते रविवार या सातांत गुरुवार बरोबर मधला. त्यामुळे गुरुवार ज्या बाजूला, तिकडे किमान चार दिवस असतातच. मानकातला ‘वर्षातला पहिला गुरुवार असलेला आठवडा तो पहिला’ हा नियम इथूनच येतो.

म्हणून क्रमांक काढताना मी तारखेकडे पाहतच नाही, तिच्या आठवड्यातला गुरुवार शोधतो. तो त्याच्या वर्षातला कितवा गुरुवार आहे, तोच आठवड्याचा क्रमांक. १५ ऑगस्ट २०२६ ला शनिवार आहे, म्हणजे त्या आठवड्याचा गुरुवार १३ ऑगस्ट, वर्षाचा २२५वा दिवस. त्यातून एक वजा करून सातने भागलं की ३२, आणि त्यात एक मिळवला की ३३.

आता ३१ डिसेंबर २०२४ घ्या. तो मंगळवार होता आणि त्याचा गुरुवार पडला २ जानेवारी २०२५ ला. २०२५ मधला तो पहिलाच गुरुवार, म्हणून आठवडा 2025-W01. उलट १ जानेवारी २०२७ ला शुक्रवार आहे. त्याचा गुरुवार आदल्याच दिवशी, ३१ डिसेंबर २०२६ ला येतो. तो वर्षाचा ३६५वा दिवस. ३६४ भागिले ७ म्हणजे ५२, अधिक एक. म्हणून नव्या वर्षाचा पहिला दिवस 2026-W53 मध्ये. कुठलाही अपवाद लक्षात ठेवावा लागला नाही. गुरुवारानं क्रमांकाबरोबर वर्षही सांगितलं.

गोंधळाचं मूळ मला इथंच दिसतं. आठवड्याचं वर्ष आणि तारखेचं वर्ष ही दोन वेगळी वर्षं आहेत, पण दोन्ही चार आकड्यांत सारखीच लिहिली जातात. ती वेगळी पडू शकतात ती फक्त सहा तारखांना: २९ ते ३१ डिसेंबर आणि १ ते ३ जानेवारी. ४ जानेवारी नेहमी पहिल्या आठवड्यात आणि २८ डिसेंबर नेहमी शेवटच्या. म्हणून चुकीचा प्रोग्राम उरलेलं वर्ष बिनचूक चालतो आणि चाचणीत पकडला जात नाही. लिनक्सवर हे असं दिसतं:

```
date -d 2024-12-31 +%G-W%V
2025-W01
date -d 2024-12-31 +%Y-W%V
2024-W01
```

दुसरं उत्तर चुकीचं आहे. `%Y` तारखेचं वर्ष देतं, `%V` आठवड्याचा क्रमांक. दोन्ही एकत्र लिहिल्यानं डिसेंबरचा माल वर्षभर मागे, जानेवारी २०२४ मध्ये जाऊन बसतो. अहवालात पहिल्या आठवड्याची बेरीज अचानक फुगलेली दिसली, तर मी आधी हेच तपासतो. याच्या उलट चूक म्हणजे साध्या तारखेत आठवड्याचं वर्ष वापरणं. २९ डिसेंबर २०१४ ला ट्विटरच्या अँड्रॉइड वापरकर्त्यांना लॉगिन करता येईना, कारण सर्व्हर वर्ष २०१५ सांगत होता. तो दिवस सोमवार होता, 2015-W01 चा पहिला दिवस.

एक्सेलमध्ये `WEEKNUM` नुसतं वापरलं तर आठवडा रविवारपासून आणि १ जानेवारीपासून मोजला जातो. ३१ डिसेंबर २०२४ ला ते ५३ दाखवतं. `ISOWEEKNUM` बरोबर १ देतं, पण वर्ष देत नाही. ते वेगळं काढावं लागतं, आणि इथंही गुरुवारच मदतीला येतो:

```
=YEAR(A1-WEEKDAY(A1,2)+4)
```

कंसातली वजाबाकी-बेरीज म्हणजे त्या आठवड्याचा गुरुवार.

२०२६ हे त्रेपन्न आठवड्यांचं वर्ष आहे. २९ डिसेंबर २०२५ ते ३ जानेवारी २०२७ असे त्याचे ३७१ दिवस भरतात. याआधी असं वर्ष २०२० होतं, यापुढचं २०३२ असेल. आठवडेवारी उत्पादनाची तुलना करणाऱ्यांना २०२६ च्या त्रेपन्नाव्या आठवड्याचा जोडीदार २०२५ मध्ये सापडणार नाही. तो आठवडा २०२७ च्या पहिल्यात मिसळू नये. वेगळा दाखवावा आणि वार्षिक बेरजेखाली एका आठवड्याचा फरक लिहून ठेवावा.