बदल्या नवऱ्याच्या, रेझ्युमे माझा

पुणे, नाशिक, नागपूर आणि आता रत्नागिरी. गावं मोजली तर पर्यटन वाटेल :) पण हेच रेझ्युमेवर उतरलं की एचआरच्या भुवया वर जातात. "सहा वर्षांत तीन कंपन्या? कुठेच टिकला नाहीत?"

नवरा राज्य सरकारी नोकरीत. हे एवढं सांगितलं की भागेल असं वाटतं, पण भागत नाही. कारण समोरच्याच्या डोक्यातला खरा प्रश्न "का सोडलं" हा नसतोच, "आमच्याकडून कधी जाणार" हा असतो. त्याचं उत्तर तारखांत द्यावं लागतं.

तारखा मिळतात कुठून? महाराष्ट्रात बदल्यांसाठी 2005 चा कायदा आहे. त्यात एका पदावरचा सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा धरलाय आणि बदल्या साधारणपणे वर्षातून एकदा, एप्रिल-मे मध्ये करायच्या असं म्हटलंय. मुदतीआधीही बदली होऊ शकते, पण त्यासाठी लेखी कारण आणि वरच्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. आमच्या नशिबी हा अपवादच दोनदा आला. असो.

आता माझा हिशोब बघा. नवऱ्याची नाशिकला बदली मे 2021 मध्ये झाली. पुण्याची नोकरी मी जूनअखेर सोडली. नाशिकला नवी मिळायला नोव्हेंबर उजाडला. मे 2023 ला नागपूरची ऑर्डर, जूनअखेर मी पुन्हा मोकळी. नागपुरात डिसेंबरमध्ये जॉइन, आणि मे 2025 ला रत्नागिरी. म्हणजे तो दोन्हीकडे दोन-दोन वर्षं होता, पण माझ्या रेझ्युमेवर दिसतात 20 महिने आणि 19 महिने. मधले चार-पाच महिने नोकरी शोधण्यात गेले. बदली त्याची, पण काळ माझा कापला जातो!

यातच एक कामाची गोष्ट आहे. माझ्या तिन्ही एक्झिट जूनअखेरच्या आहेत. कंटाळून किंवा भांडून सोडणारा माणूस दर वेळी बदल्यांच्या हंगामानंतरच कसा सोडेल? म्हणून मी महिने लपवत नाही. काही जण नुसतं 2021-2023 असं लिहितात, म्हणजे गॅप झाकली जाते. पण पीएफच्या पोर्टलवर `Service History` मध्ये प्रत्येक कंपनीची जॉइनिंग आणि एक्झिटची तारीख असते, आणि बॅकग्राउंड चेकवाले बऱ्याचदा तीच मागतात. तिथे फरक निघाला की मग बदलीचं खरं कारणही कुणाला पटत नाही. कंपनीने एक्झिटची तारीख टाकलीय का तेही आधी बघून घ्या. राहिली असेल तर शेवटचा पीएफ जमा झाल्यावर दोन महिन्यांनी आपल्याला स्वतःला टाकता येते.

रेझ्युमेवर प्रत्येक नोकरीखाली मी एकच ओळ ठेवलीय: "जोडीदाराच्या बदलीमुळे स्थलांतर, जून 2023." बस्स. नवऱ्याचं खातं, हुद्दा, ऑर्डरची कॉपी यातलं काही नाही. ती कागदपत्रं त्याची आहेत, माझ्या इंटरव्ह्यूची नाहीत. त्याच्याखाली लगेच काम येतं: त्या 20 महिन्यांत काय पूर्ण करून दिलं आणि जाताना कोणाला हँडओव्हर दिला. अर्धवट टाकून पळालेली नाही, हे तिथे दिसतं.

आणि "कधी जाणार" याचं उत्तर? मी सरळ सांगते, "सध्याचं पोस्टिंग मे 2025 पासूनचं आहे. सर्वसाधारण मुदत मे 2028 पर्यंत. त्याआधी बदली होणारच नाही अशी खात्री कोणीच देऊ शकत नाही. पण बदली झाली तरी हे काम सोडावं लागू नये, म्हणून मी रिमोटच शोधतेय." शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. रत्नागिरीत सॉफ्टवेअरच्या नोकऱ्या मोजक्याच, त्यामुळे इथून काम करायचं तर तसंही रिमोटच. फायदा असा की पुढच्या गावालाही लॅपटॉप सोबत येतो.

फक्त ऑफर लेटर नीट वाचा. कामाचं ठिकाण "पुणे" आणि घरून काम "सध्यापुरतं" असं लिहिलं असेल, तर ते रिमोट नाही. उद्या ऑफिसला बोलावलं की तुम्ही पुन्हा जूनअखेर मोकळे. "रिमोट, भारतात कुठूनही" असं लेखी मागा. मागताना इन्व्हर्टर आहे, फायबर बंद पडलं तर मोबाईलचं दुसरं कनेक्शन आहे, हेही आपणहून सांगा. कोकणातला जुलै त्यांनाही ऐकून माहीत असतो :)

काही कंपन्या तरीही नाही म्हणतील. म्हणू देत. मे 2028 ऐकून जी कंपनी मागे सरते, तिने आपल्याला 2026 लाच सोडायला लावलं असतं.