कुलूप, चावी आणि चौथा चरण

कोऱ्या कागदासमोर बसलेल्या माणसाजवळ सांगण्यासारखं काही नसतं, हा समज मला मुळातच चुकीचा वाटतो. बहुतेक वेळा त्याच्याजवळ सांगण्यासारखं फार असतं आणि त्यातलं काहीही आधी सांगता येतं, हीच त्याची अडचण असते. पहिलं वाक्य पावसाचं असू शकतं, आजीचं असू शकतं, किंवा एखाद्या दाराचंही असू शकतं. यातलं कोणतंही वाक्य मनात उमटलं की मनातला संपादक लगेच ते तपासायला घेतो आणि लिहिण्याआधीच खोडतो. म्हणजे निवड अमर्याद, आणि निवडणारा व तपासणारा एकाच वेळी कामाला लागलेले. यावर लिहिणाऱ्यांनी शोधलेला जुना उपाय म्हणजे स्वतःला काहीतरी अट घालून घेणं. शब्दांची यादी, ठरलेला छंद, घड्याळाची मर्यादा या त्यातल्या तीन नेहमीच्या अटी. त्या एकाच औषधाच्या तीन बाटल्या नाहीत. यादी ‘कशावर लिहू’ हा प्रश्न सोडवते, घड्याळ तपासनिसाला थोडा वेळ बाहेर बसवतं, आणि छंद पुढचा शब्द शोधायला लावतो. लेखणी कशामुळे अडली आहे ते न ओळखता यातली कोणतीही अट उचलली, की ती निरुपयोगी वाटते.

आपल्याकडे याचा सर्वांत मोठा पुरावा जात्यावरच्या ओवीत आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या 1 लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. या ओव्या रचणाऱ्या बायकांपैकी फार थोड्यांनी कधी हातात लेखणी धरली असेल, पण सुरुवात कशी करायची या प्रश्नाशी त्या अडलेल्या दिसत नाहीत. कारण सुरुवात बरीचशी ठरलेली असे. कितव्या ओवीला हात घातला आहे ते सांगायचं, किंवा शेजारणीला, भावाला, विठ्ठलाला हाक मारायची. या ठरीव आरंभाला काही सुचावं लागत नाही. तोवर जातं फिरू लागलेलं असतं, आणि त्याच्या फेऱ्याबरोबर पुढची ओळ आली पाहिजे. म्हणजे साचा आहे, वेळेची मर्यादा आहे आणि विषयांची यादीही आहे: माहेर, लेक, बंधू, पंढरी. तिन्ही अटी एकत्र आल्या, आणि त्यांच्या आत बायकांनी सासरचा जाच, मुलीच्या जन्माचं दुःख, नवऱ्याची मारहाण यांबद्दल असं काही म्हटलं, जे उघड्या बोलण्यात म्हणता आलं नसतं. बंधनामुळे उत्स्फूर्तता मरते, असं म्हणणाऱ्यांनी आधी या ओव्यांचं काय करायचं ते सांगावं.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत करून पाहू. यादीपासून सुरुवात करायची, आणि यादीत फक्त नामं घ्यायची, तीही हाताला लागणारी. रे ब्रॅडबरी तरुणपणी अशाच नामांच्या याद्या करत असे, आणि ‘द लेक’ ही त्याची 1942 सालची कथा यादीतल्या तशा एका नामातून निघाली. यादी फसते ती बहुतेक वेळा भाववाचक नामांमुळे. एकटेपणा, विरह, अस्तित्व असे शब्द कागदावर येतात आणि त्यांच्यापुढे काहीच हलत नाही, कारण ते निष्कर्ष आहेत आणि निष्कर्षातून गोष्ट सुरू होत नाही. समजा यादीत आलं: फडताळ, पागोळी, कुलूप, पितळी डबा, रेशनकार्ड. यातलं कुलूप घेऊ. मग घड्याळ लावून दहा मिनिटं, न थांबता, न खोडता, कुलपाबद्दल जे येईल ते लिहायचं. पीटर एल्बो या लेखनशिक्षकाने 1973 च्या आपल्या पुस्तकात मांडलेली ही रीत. काहीच सुचलं नाही तर ‘काही सुचत नाही’ हेच लिहायचं, पण हात थांबू द्यायचा नाही. एल्बोच्या पद्धतीचा पुढचा भाग मात्र फार थोडे लोक पाळतात: मिनिटं संपली की लिहिलेलं वाचायचं, त्याचं वजन कोणत्या वाक्यावर पडलं आहे ते शोधायचं आणि तिथून पुन्हा लिहायला लागायचं. हे केलं नाही तर दहा मिनिटांचं लेखन रोजनिशीतल्या कुरकुरीसारखं साचत राहतं. आपण नुसता हात चालवतो आहोत हे ओळखायची एक साधी खूण आहे: सगळ्या मजकुरात ‘मला वाटतं’ वारंवार येतं आणि वस्तू मात्र एकच राहते.

कुलपाच्या मजकुरात वजन पडलं ते गंजलेल्या कुलपाची किल्ली हरवल्याच्या वाक्यावर, असं धरू. आता ते देवद्वार अभंगात बसवायचं. या रचनेत पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचं यमक जुळलेलं. ‘गंजले कुलूप’ ही सहा अक्षरं सहज झाली. ‘हरवली किल्ली’ हीही सहा. पण किल्लीला यमक शोधायला गेलं की दिल्ली मिळते, खिल्ली मिळते, आणि दोन्ही या मजकुराचा सूर बिघडवतात. म्हणून किल्ली सोडून चावी घेतली. चावीला ठावी, यावी, दावी, लावी असे सोबती बरेच आहेत. ‘कोणाला न ठावी’ म्हटलं तर अक्षरं बरोबर भरतात, पण चरण फुकट जातो. चावी हरवली म्हणजे ती कुठे आहे हे कोणाला ठाऊक नाही हे आलंच. ‘लावी’ घेतलं तर गोष्ट बदलते. लावणारा कोणीतरी हवा आणि लावण्याजोगी वस्तू हवी. वस्तू म्हणजे दार. ‘कोणी दार लावी’. पण बाहेरचं कुलूप गंजलेलं आहे, चावी नाही, मग दार लावणारा कुठे उभा आहे? उरलेल्या चार अक्षरांत याचं उत्तर द्यायला जागा आहे, आणि ते एकच असू शकतं:

गंजले कुलूप
हरवली चावी
कोणी दार लावी
आतूनच

दहा मिनिटांच्या मजकुरात घर ओस पडलेलं होतं. घरात कोणी आहे हे यमकाने सुचवलं. अट काय करते, याचं मला माहीत असलेलं सर्वांत प्रामाणिक वर्णन हेच आहे. लिहिणाऱ्याच्या डोक्यात नसलेलं काही ती आयतं आणून ठेवत नाही, ती सवयीचा शब्द नाकारते. किल्ली नाकारली गेली, ठावी टाकून द्यावा लागला, आणि मग जो शब्द उरला तो लिहिणाऱ्याने आपणहून निवडला नसता. तपासनीसही इथे असतो, पण त्याला अक्षरं मोजायचं काम दिलेलं असतं. ‘हे लिहिण्यालायक आहे का’ हा प्रश्न विचारायला त्याला सवड मिळत नाही.

यावरचा वजनदार आक्षेप कृत्रिमतेचा आहे आणि तो टाळून चालणार नाही. मोरोपंतांनी (1729–1794) रामायणाच्या कथेवर नाना बंधनं घालून अनेक रामायणं रचली. त्यांतल्या निरोष्ठ रामायणात ओठ मिटून उच्चारावी लागणारी अक्षरं वर्ज्य आहेत. याचा अर्थ नीट पाहिला की थक्क व्हायला होतं: रामाच्या कथेत ‘राम’ हा शब्दच येऊ शकत नाही, कारण म ओष्ठ्य आहे. लक्ष्मण, भरत, मारुती हेही गेले. जॉर्ज पेरेकने 1969 मध्ये ‘ई’ हे अक्षर वगळून अख्खी फ्रेंच कादंबरी लिहिली, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. तरीही मोरोपंतांवर कसरतीचा ठपका मराठी समीक्षेने ठेवला, आणि त्यात तथ्य आहे असं मला वाटतं. वाचकाचं लक्ष कथेवरून हटून कर्त्याच्या कौशल्यावर जातं, तेव्हा अटीने आपली हद्द ओलांडलेली असते. पण हा दोष पुऱ्या झालेल्या कृतीचा आहे. सरावासाठी घातलेली अट वाचकाला दिसायचं कारणच नाही. वरच्या चार चरणांत ‘लावी’ हे क्रियापद आजच्या बोलण्यातलं नाही, छंदाने ते जुन्या कवितेतून ओढून आणलं आहे. मग छंद काढून टाकावा: ‘कुलूप गंजलं होतं, चावी केव्हाच हरवली होती, आणि आतून कोणीतरी दार लावत होतं.’ हे कथेचं पहिलं वाक्य झालं. त्यामागे देवद्वार अभंग होता हे वाचणाऱ्याला कळायची गरज नाही.

छंद बाधू लागला हे ओळखायची एक कसोटी मी मानतो. ओळीतला एकेक शब्द झाकून पाहावा. ‘गा’, ‘हो’, ‘तो’, ‘की’ यांपैकी काही झाकल्याने अर्थ तसाच राहिला, तर तो शब्द जागा भरायला आलेला आहे. एका कडव्यात असे दोन सापडले तर ती रचना सोडावी आणि दुसरी घ्यावी. लघुगुरूच्या क्रमाने बांधलेली अक्षरगणवृत्तं सरावासाठी मी सुचवत नाही, कारण तिथे शब्दाची निवड इतकी आवळली जाते की नवशिका भरतीच्या शब्दांवरच जगतो. अभंग आणि ओवी बऱ्या. दहा ओळींची दशपदीही बरी. मराठीत मुक्तछंदाचा जोरकस पुरस्कार करणाऱ्या कवी अनिलांनी उत्तरायुष्यात स्वतःला दहाच ओळींची मर्यादा घालून घेतली, आणि त्यांच्या ‘दशपदी’ला 1977 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मुक्तछंदाचा कैवारी बंधनाकडे वळला ही विसंगती वाटू शकते, पण छंद मोडणं आणि आपली चौकट आपण ठरवणं ही एकाच स्वभावाची कामं आहेत, असं मला वाटतं.

या सगळ्याची मर्यादाही स्पष्ट आहे. कागद कोरा राहण्याचं कारण माहितीचा अभाव असेल, तर कोणतीही अट उपयोगी पडत नाही. धरणग्रस्तांवर लिहायचं आहे आणि एकाही विस्थापिताशी बोलणं झालेलं नाही, अशा वेळी दहा मिनिटांचं घड्याळ फक्त पोकळ वाक्यांची संख्या वाढवतं. तेव्हा उठून माणसांकडे जावं. दीर्घ लेखनाच्या मध्यावर, जिथे पुढे काय हे ठाऊक असूनही हात चालत नाही, तिथेही नामांची यादी फारशी कामाची नाही. तिथे घड्याळच बरं. आणि रोज नवी अट शोधून काढण्यात रमणारा माणूस लवकरच सरावाचा लेखक होतो, त्याच्याकडे वह्या भरतात आणि एकही लेख पुरा होत नाही. म्हणून आठवड्यातल्या सरावातून एकच कागद निवडावा, त्यावरची अट काढून टाकावी आणि त्याचं पुढचं लेखन नेहमीच्या सावकाश पद्धतीने करावं. अट न काढलेला कागद कोणत्याही संपादकाकडे पाठवू नये.