शिरोरेघेवरची निळी झालर

मंठ्यात माझं टायपिंगचं आणि प्रिंटचं छोटं दुकान आहे. अर्ज, बायोडेटा, झेरॉक्स हे रोजचं काम. लग्नसराईत पत्रिका येतात. पाचशे-हजार पत्रिका हव्या असतील तर आम्ही जालन्याला ऑफसेटवर पाठवतो. शंभर-दीडशेसाठी प्लेटचा खर्च परवडत नाही, म्हणून त्या माझ्याच कलर लेसर प्रिंटरवर निघतात.

गोष्ट मे महिन्यातली. तळणीकडच्या एका गावातले काका दीडशे पत्रिका घ्यायला आले होते. पत्रिका त्यांच्या पुण्याच्या भाच्यानं तयार केली होती आणि फोटो म्हणून मोबाइलवर पाठवली होती. एका ए-फोर कार्डावर दोन पत्रिका, म्हणजे पंचाहत्तर कार्डं. सकाळी नमुना काढून दाखवला, काकांनी मान डोलावली आणि ते बाजाराला गेले. मग मी दुसरी कामं उरकली आणि दुपारी कार्डं लावली. बाहेर ऊन रणरणत होतं, पत्र्याखाली कूलरही गरम हवाच फेकत होता.

काका परतले तेव्हा एकतीस कार्डं निघाली होती. त्यांनी एक उचललं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं आणि म्हणाले, "भाऊ, हे अक्षर डब्बल का दिसायलंय? चष्मा बदलावा लागतो का काय?"

चष्मा ठीक होता. जवळजवळ प्रत्येक शब्दाच्या शिरोरेघेवर निळसर झालर होती आणि रेघेच्या खाली तांबूस. ऑफसेटवाले याला 'रजिस्टर हललं' म्हणतात. चार रंग वेगवेगळे छापले जातात. ते नेमके एकावर एक बसले नाहीत की प्रत्येक रंग दुसऱ्याच्या कडेतून डोकावतो.

माझ्याजवळ मोजपट्टी असलेलं एक भिंग आहे. त्यातून पाहिलं तर निळा रंग साधारण 0.2 मिलिमीटर वर सरकला होता. आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. पण दहा पॉइंटच्या मराठी अक्षरात शिरोरेघेची जाडीच पाव मिलिमीटरच्या आसपास असते. रेघ जवळजवळ आपल्या जाडीइतकीच सरकली, तर ती दोनदा काढल्यासारखी दिसणारच. काकांचा 'डब्बल' शब्द अगदी बरोबर होता.

माझी पहिली चूक इथे झाली. कार्ड जाड आहे, रोलरवरून घसरत असेल, असं समजून मी कागद ओढणारा रोलर काढला, ओल्या फडक्यानं पुसला, ट्रेच्या पट्ट्या घट्ट केल्या. अर्धा-पाऊण तास गेला, झालर तशीच. मग जालन्याच्या एका जुन्या मशीनमनला फोन लावला. त्यानं एकच प्रश्न विचारला, "तुझ्या मशीनमधे रंग आधी पट्ट्यावर जमतात का थेट कागदावर?"

त्या प्रश्नात उत्तर होतं. माझ्या यंत्रात निळा, गुलाबी, पिवळा आणि काळा असे चार ड्रम ओळीनं बसवलेले आहेत. त्यांच्याखालून एक काळा, गुळगुळीत पट्टा फिरतो. प्रत्येक ड्रम आपला रंग त्या पट्ट्यावर ठेवतो आणि चारही थर जमले की पूर्ण चित्र एकदम कागदावर उतरतं. कागद घसरला तर सगळं चित्र वाकडं पडेल, पण रंग एकमेकांपासून सुटणार नाहीत. ते सुटले असतील तर पट्ट्यावरच. ज्या यंत्रांत पट्टा कागदालाच ड्रमखालून नेतो आणि रंग थेट कागदावर बसतात, तिथे मात्र कागद घसरल्याचा संशय घ्यावा लागतो.

पट्ट्यावर हे गणित किती नाजूक असतं पाहा. माझं यंत्र मिनिटाला वीसेक पानं छापतं, म्हणजे पट्टा सेकंदाला दहा-बारा सेंटिमीटर सरकतो. निळ्याचा लेसर सेकंदाचा पाचशेवा हिस्सा आधी किंवा उशिरा सुरू झाला की 0.2 मिलिमीटरचा फरक पडतो. यंत्र तापलं की लेसरचे आरसे आणि भिंगं बसवलेला सांगाडा किंचित फुगतो, पट्टा फिरवणाऱ्या रुळाचा घेर किंचित वाढतो. एवढंही पुरतं. म्हणूनच ही यंत्रं ठरावीक पानांनंतर किंवा आतलं तापमान बदललं की स्वतःहून रंग जुळवून घेतात. माझं घेत नव्हतं, कारण ते मीच बंद करून ठेवलं होतं. प्रत्येक जुळवणीत थोडा टोनर जातो. तो वाचवायला मी हिवाळ्यातच मेनूत जाऊन ती सोय 'Off' केली होती.

जुळवणी चालू करण्याआधी एक चाचणी पान काढलं. कोरलमध्ये चार कोपऱ्यांत आणि मध्ये बारीक फुल्या काढल्या. प्रत्येक ठिकाणी चारही रंगांची फुली एकावर एक. असं पान कुणालाही दहा मिनिटांत करता येतं आणि ते बरंच काही सांगतं. एक रंग सगळीकडे सारखाच सरकला असेल तर फक्त वेळ चुकलेली आहे. डावीकडे कमी आणि उजवीकडे जास्त वर-खाली असेल तर त्या रंगाची ओळ तिरपी झाली आहे. हे दोन्ही यंत्राला स्वतः सुधारता येतं. पण झालर पानावर ठरावीक अंतरानं येत-जात असेल, तर ड्रमचं किंवा पट्ट्याचं चाक झिजलेलं असतं. तिथे कितीही वेळा जुळवणी केली तरी टोनरच जातो.

माझ्या पानावर निळा सगळीकडे वर होता, उजव्या बाजूला थोडा जास्तच. मेनूत जाऊन जुळवणी लावली. काही यंत्रांत तिचं नाव `Calibrate Now` असतं, काहींत `Registration`. दोन-अडीच मिनिटं आत घरघर चालली, कागद एकही आला नाही. काका म्हणाले, "नुसतंच फिरायलंय की."

ते नुसतं फिरत नव्हतं. यंत्र त्या पट्ट्यावर, दोन्ही कडांजवळ, चारही रंगांच्या छोट्या पट्ट्या आणि तिरप्या खुणा छापतं. पट्ट्यासमोर दोन प्रकाशी सेन्सर बसवलेले असतात. खूण समोरून गेली की ते वेळ टिपतात. काळ्याची खूण आली त्यानंतर निळ्याची जितक्या वेळानं यायला हवी होती, त्याहून लवकर आली तर निळ्याचा लेसर तेवढा उशिरा सुरू करायचा, असा हिशेब होतो. तिरप्या खुणांवरून आडवा फरक कळतो. काम झालं की त्या खुणा पात्यानं खरवडून टाकाऊ टोनरच्या डब्यात जातात.

पुन्हा फुल्यांचं पान काढलं. डावीकडे रंग छान बसले होते, उजवीकडे निळा अजून वर. आता संशय उजव्या सेन्सरवर. यंत्र बंद केलं, थंड होऊ दिलं, दार उघडलं. माझ्या यंत्रात त्या सेन्सरच्या खिडक्या हाताला येतात. सगळ्यांत येत नाहीत, म्हणून आधी पुस्तिका पाहिलेली बरी. उजव्या खिडकीवर टोनरची आणि रस्त्याच्या धुळीची पातळ साय जमली होती. कोरड्या, धागे न सुटणाऱ्या फडक्यानं ती हलकेच पुसली. पट्ट्याला बोट लावलं नाही, कारण बोटाचं तेल लागलेला डाग पुढे प्रत्येक पानावर उमटू शकतो.

मग आणखी एक चूक टाळली. यंत्र थंड झालं होतं. त्याच अवस्थेत जुळवणी केली असती तर पंधरा कार्डांनंतर पुन्हा फरक पडला असता. म्हणून साध्या कागदावर दहा-बारा पानं छापून यंत्र तापवलं आणि नंतर जुळवणी लावली. या वेळी पाचही ठिकाणच्या फुल्या जुळल्या. भिंगातून पाहिलं तर एखाद-दुसऱ्या ठिपक्याचा फरक होता. 600 डीपीआयला एक ठिपका म्हणजे 0.04 मिलिमीटर. एवढी उणीव राहतेच, पण नुसत्या डोळ्याला ती दिसत नाही.

एक गोष्ट मात्र मला दुपारपासून खटकत होती. बिघडलेल्या कार्डांवरही तळाशी मी स्वतः टाइप केलेली 'आपले विनीत'ची ओळ स्वच्छ काळी होती, तिला झालर नव्हती. कारण ती फक्त काळ्या ड्रममधून आली होती. एकटा रंग कुणापासून सुटणार? भाच्याचा मजकूर फोटोत होता. फोटोतला काळा हा यंत्राच्या लेखी अक्षर नसतो, चित्र असतं. तो चारही रंग मिसळून तयार होतो आणि जरा काही हललं की पहिला तोच उघडा पडतो. जुळवणीनं यंत्राचा दोष गेला, पण फाइलचा नाही. म्हणून मी सगळा मजकूर पुन्हा टाइप केला, काळा शंभर टक्के आणि बाकीचे तीन रंग शून्य. लाल पट्टीवरची पांढरी बारीक नावं मोठी आणि जाड केली, कारण तिथे रंग सरकला की तो अक्षराच्या पोटातच शिरतो.

संध्याकाळी साडेसहाला पंचाहत्तर कार्डं झाली. वाया गेलेल्या एकतीस कार्डांचे पैसे काकांकडून घेतले नाहीत. जुळवणीची सोय त्याच दिवशी पुन्हा चालू केली. तेव्हापासून रंगीत काम काढलं की मी आधी शिरोरेघ पाहतो आणि मग काना. उभं पान छापताना कागद जातो त्या दिशेचा फरक आडव्या शिरोरेघेच्या वर-खाली दिसतो आणि आडवा फरक काना-वेलांटीच्या उभ्या रेघेच्या डाव्या-उजव्या बाजूला. पान आडवं छापलं तर याच्या उलट. पिवळा सरकला तर पांढऱ्या कागदावर पटकन कळत नाही. तो निळ्या रंगाच्या कडेला हिरवट होऊन दिसतो.

पत्रिका छापायला कुणाकडेही जा, पण एवढं लक्षात ठेवा: मोबाइलवरचा फोटो नेऊ नका, मजकुराची मूळ फाइल न्या. आणि नमुना सकाळी पाहिला असेल, तर दुपारचं पहिलं कार्डही एकदा डोळ्यांजवळ धरून पाहा.