पाण्याचं टाकं आणि ९९ रुपये

मे महिन्यात एका मेंबरचा मेसेज आला. "दादा, तुमच्या फाईलमध्ये कड्याखालच्या टाक्यात पाणी आहे असं लिहिलंय. आम्ही सहाजण गेलो होतो. टाकं कोरडं ठाक. परत फिरलो." पुढे काही नाही. ना शिवी, ना रिफंडची मागणी. तेच जास्त लागलं.

ती नोंद माझीच होती, दोन पावसाळ्यांपूर्वीची. ऑक्टोबरात गेलो होतो, तेव्हा टाकं काठोकाठ भरलेलं. सह्याद्रीत ऑक्टोबरचं पाणी मेमध्ये असेलच असं नाही, हे ट्रेक करणाऱ्या कुणालाही कळतं. मी तारीख लिहायला हवी होती. लिहिली नव्हती.

माझं एक मेंबरशिप पेज होतं. घाटवाटांचे जीपीएक्स ट्रॅक, पाण्याच्या जागा, कुठे दोर लागेल, कुठे वाट चुकते, असं सगळं. महिन्याला ९९ रुपये किंवा वर्षाला ९९०. नोकरी आयटीतली, शनिवार-रविवार डोंगरात. मग गुडघ्याचं लिगामेंट गेलं. डिसेंबरात आधी चालून ठेवलेली शेवटची वाट टाकली आणि त्यानंतर काहीच नाही. पैसे मात्र दर महिन्याला येत राहिले.

पेज बंद करायचं ठरवलं तेव्हा वाटलं, डिलीटचं बटण दाबायचं, झालं. सुदैवाने आधी यादी उघडली. १४३ मेंबर. ११२ महिन्याचे, ३१ वर्षाचे. शेवटचं लॉगिन कधी केलं त्या रकान्यावर सॉर्ट मारला, तर ५८ जणांनी सहा महिन्यांत एकदाही पेज उघडलं नव्हतं. म्हणजे मला मिळणाऱ्या पैशातला बराचसा भाग घाटवाटांचा नव्हताच, विसरण्याचा होता. यूपीआय ऑटोपे लावलेलं, ९९ रुपये कापले जातायत, कोण बघतंय? मीही माझे कुठे बघतो?

मग बसून क्रम लावला. इथे क्रम चुकला की सगळंच चुकतं.

पहिलं काम, मेंबरांची आणि सगळ्या पेमेंट्सची यादी उतरवून घेणं. पेज गेलं की कुणाचं किती देणं आहे हे सांगणारा कागदच जातो. दुसरं, नवीन मेंबर घेणं बंद. तिसरं, चालू वसुली थांबवणं. पेज लपवलं म्हणजे वसुली थांबते असं नाही, ती वेगळी रद्द करावी लागते. तिथे 'पॉज' असंही बटण होतं. ते दाबलं असतं तर काही महिन्यांनी पैसे पुन्हा कापायला लागले असते. मी प्रत्येकाचं सबस्क्रिप्शन रद्दच केलं. तरी तिघांचे मेसेज आले, "बंद केलं म्हणता, मग उद्या ९९ कापणार असा एसएमएस कसा आला?" ऑटोपेमध्ये पैसे कापायच्या किमान २४ तास आधी सूचना द्यावी लागते. ती आधीच निघून गेली होती. कापले कुणाचेच नाहीत, पण त्या तिघांना दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत माझ्यावर विश्वास ठेवावा लागला.

चौथं, हिशेब. महिन्याच्या मेंबरांचं सोपं होतं. जानेवारीपासून मी काहीच दिलं नव्हतं, म्हणून तेव्हापासूनचा प्रत्येक हप्ता पूर्ण परत. कायद्याने द्यावे लागले असते का, या फंदात पडलो नाही. मला माहीत होतं मी काय दिलं नाही ते.

वर्षाच्या मेंबरांपाशी अडलो. समजा एकाने ऑक्टोबरात ९९० भरले. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर असे तीन महिने त्याला वाटा मिळाल्या, नऊ राहिले. आता ते तीन महिने कुठल्या भावाने धरायचे? महिन्याच्या भावाने २९७ कापून ६९३ परत देता येतात. वर्षाच्या भावाने महिना ८२ रुपये ५० पैशांना पडतो, म्हणजे नऊ महिन्यांचे ७४२.५० होतात. पहिला हिशेब दुकानदाराला बरा. पण सवलत त्याने वर्षभर थांबण्याबद्दल घेतली होती आणि तो थांबायला तयार होता. निघालो मी होतो. म्हणून ७४२.५०.

९९ मधले माझ्या हातात साधारण ८८ यायचे, बाकी प्लॅटफॉर्म आणि गेटवेचं कमिशन. परत देताना मात्र पूर्ण ९९ द्यायचे, कमिशन परत येत नाही. शिवाय रिफंड गेटवेमधल्या शिल्लकीतून जातो आणि माझी शिल्लक कधीच बँकेत वळती होऊन गुडघ्याच्या फिजिओथेरपीत संपली होती. पगारातून पैसे टाकले, दोन महिन्यांत.

शेकडो रिफंड हाताने कोण करणार? स्क्रिप्ट लिहिली. इंजिनिअर ना! मध्येच नेट गेलं, टाइमआउट आला, मी पुन्हा चालवली. ज्यांना पूर्ण पैसे द्यायचे होते त्यांचं काही बिघडलं नाही, कारण पेमेंटपेक्षा जास्त रिफंड गेटवे नाकारतो. ७४२.५० सुद्धा दुसऱ्यांदा गेले नाहीत, ९९० मधले तेवढे उरलेच नव्हते. पण एकाने जुलैत पैसे भरलेले. सहा महिने मिळाले, सहा राहिले, देणं बरोबर निम्मं, ४९५. दुसऱ्या फेरीत उरलेले ४९५ सुद्धा निमूटपणे गेले. टाइमआउट म्हणजे 'झालं नाही' नव्हे, 'झालं की नाही ते कळलं नाही', हे मी ऑफिसात ज्युनिअरांना शिकवतो. पुन्हा चालवण्याआधी आधीचा रिफंड झालाय का ते तपासणारी एक ओळ घातली आणि पुढे गेलो. ते ४९५ मागितले नाहीत.

चार रिफंड परत आले, बँक खातीच बंद झालेली. त्यांना ईमेल करून यूपीआय आयडी मागितला. एकीने लिहिलं, "हा फ्रॉड आहे." तिचं बरोबरच होतं, मीही तेच म्हटलं असतं. मी लिहिलं, "मला ओटीपी नको, पिन नको, मी कुठली रिक्वेस्टही पाठवणार नाही. पैसे यायला यातलं काहीच लागत नाही." आठवड्याने आयडी आला.

राहिल्या वाटा. बरेच जण म्हणाले, "आता बंदच करतोयस तर सगळ्यांसाठी फुकट उघड ना." मोह झाला. पण १४३ जणांना चुकीचं टाकं दाखवणं आणि सगळ्या जगाला दाखवणं, यात दुसरं जास्त वाईट. दरड कोसळते, वाट सरकते, आणि ट्रॅकची निळी रेघ तशीच ठाम दिसत राहते. मेंबरांनी पैसे दिले होते, त्यांना उतरवून घ्यायला जूनअखेरपर्यंत मुदत दिली. त्याआधी प्रत्येक फाईलच्या नावात मी तिथे चाललो तो महिना आणि वर्ष टाकलं, पाण्याच्या प्रत्येक नोंदीपुढेही. दोन रात्री गेल्या त्यात. मग पोस्ट काढल्या. ड्राइव्हवरच्या फाईलींच्या लिंका वेगळ्या बंद कराव्या लागल्या, पोस्ट गेली तरी त्या जिवंत होत्या.

पेज मात्र ऑगस्टपर्यंत ठेवलं, फक्त एक सूचना आणि माझा ईमेल. शेवटचा रिफंड पोचल्यावर तेही उतरवलं. पेमेंटचा हिशेब ठेवलाय, मेंबरांचे फोन नंबर आणि पत्ते पुसले.

त्या कोरड्या टाक्यावरून परतलेल्या मुलाचे चार हप्ते होते, ३९६ रुपये. त्याने लिहिलं, "मिळाले. पाणी आम्ही वरून नेलेलंच होतं, काळजी करू नका."

मला ते आधी माहीत नव्हतं.