होकार, नकार आणि मौन

संवत्सरीनंतरच्या रविवारी महाड-पोलादपूरच्या कुटुंबांचे साधर्मिक वात्सल्य असते. त्याची नोंद काही वर्षांपासून माझ्याकडे आहे. इथे संख्या अचूक लागते. शिजवलेले अन्न आपण रात्र उलटल्यावर वापरत नाही आणि पंगत सूर्यास्तापूर्वी उठवायची असते. उरलेले दुसऱ्या दिवशी चालत नाही, आणि कमी पडले तर पुन्हा शिजवायला वेळ नसतो. म्हणून स्वयंपाक्याला शुक्रवारी सकाळी आकडा द्यावा लागतो.

यंदा अठ्ठावन्न कुटुंबांपैकी बुधवारपर्यंत सतरांचे उत्तर आले नव्हते. बँकेत असताना थकबाकीदारांना स्मरणपत्रे लिहिण्यात माझी निम्मी नोकरी गेली, पण ही माणसे कोणाचे देणे लागत नाहीत. त्यामुळे समूहात नावांची यादी टाकावी, ही एका कार्यकर्त्याची सूचना मी मानली नाही. चारचौघांत नाव आले की माणूस लाजेने 'येतो' म्हणतो आणि रविवारी येत नाही. आकडा तर त्याने अधिकच चुकतो.

सतरांपैकी सहांनी संदेश उघडलाच नव्हता, त्यांना फोन केला आणि प्रश्न तिथेच सुटला. उरलेल्या अकरांच्या संदेशावर निळ्या खुणा होत्या. त्यांना मी प्रत्येकी वेगळे लिहिले: "जय जिनेंद्र. स्वयंपाकासाठी गुरुवारी रात्रीपर्यंत संख्या हवी आहे. 'येतो, इतके जण' किंवा 'जमणार नाही', एवढेच कळवा. कारण सांगायची गरज नाही. बोली किंवा वर्गणी काही नाही. वाहन हवे असल्यास सांगा."

शेवटची दोन वाक्ये मी मुद्दाम घातली होती. व्यवसायात ओढ असलेल्या घराला पंगतीपेक्षा तिथे पुकारल्या जाणाऱ्या बोलीचा धाक असतो, आणि ते कोणी तोंडाने सांगत नाही. तो संदेश गेल्यावर तासाभरात दोन घरांनी होकार कळवला. पोलादपूरच्या एका वृद्ध दांपत्याची अडचण महाडपर्यंतच्या वीसएक किलोमीटरची होती. त्याच बाजूने येणाऱ्या गाडीत दोन जागा निघाल्या.

पाच जणांनी 'जमणार नाही' लिहिले. त्यात एका घरी सुतक होते. बाजारपेठेतले एक दुकानदार, जुलै २०२१ च्या पुरानंतर, पावसाळ्यात माल सोडून दिवसभर बाहेर राहत नाहीत. या पाचांना मी "बरे, पुढच्या वेळी भेटू" एवढेच उत्तर दिले. 'थोडा वेळ तरी या' हे प्रेमाने म्हटले तरी ऐकणाऱ्याला ओझेच वाटते.

तीन घरे शेवटपर्यंत गप्प राहिली. गुरुवारी रात्री त्यांना एकदाच फोन केला. एकाने उचलला नाही. ते घर मी 'नाही' मध्ये धरले, मात्र "ऐनवेळी जमले तर अवश्य या, पान मांडलेले असेल" असे लिहून ठेवले. एकूण आकड्यावर आठ पाने जादा सांगितली होती. रविवारी त्यातली सहा लागली.