रिकामी गव्हाण

आमच्या वसईकडच्या घरात नाताळचा गोठा आठवडाभर आधीच उभा राहतो. ताटलीत पेरलेल्या नाचणीचं हिरवं रान उगवलेलं असतं, पेंढा पसरलेला असतो, मरिया आणि योसेफ येऊन बसलेले असतात. गव्हाण मात्र रिकामी. बाळ येशूची मूर्ती आजीच्या कपाटात असते, आणि २४ डिसेंबरच्या रात्रीपर्यंत तिला कुणी हात लावत नाही. १२२३ साली संत फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेच्चो गावी नाताळ साजरा केला, तेव्हाही गवताने भरलेली गव्हाण, बैल आणि गाढव एवढंच मांडलं होतं. मला वाटतं, नाताळच्या आमच्या घरच्या प्रार्थनेचं सगळं बळ या रिकाम्या जागेत आहे. बाळ आधीच ठेवलं, तर मुलांना वाट पाहायला काही उरत नाही.

त्या २४ तारखेच्या रात्री मिस्सेला निघण्यापूर्वी दिवे मालवून एकच मेणबत्ती लावतो. ती पेंढ्यापासून हातभर लांब, स्टुलावर. क्रूसाची खूण झाली की मोठं भावंड वाचायला घेतं. लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय पहिल्या ओवीपासून सुरू केला, तर कैसराची नावनोंदणी आणि सुभेदाराचं नाव येतं, आणि धाकटी मंडळी तिथेच चुळबुळू लागतात. म्हणून आम्ही चौथ्या ओवीपासून, योसेफ बेथलेहेमला निघतो तिथून, सातव्या ओवीपर्यंतच वाचतो. सातवीत मरिया बाळाला गुंडाळून गव्हाणीत ठेवते. तो शब्द कानावर पडताच सर्वांत धाकट्याने मूर्ती ठेवायची. वाचणाऱ्याने तिथे थांबायचं. मूर्ती वाकडी बसली तरी कुणी सरळ करायची नाही.

मग आशीर्वाद. याजक ‘तुम्हांला’ म्हणून आशीर्वाद देतात. घरी आपण सगळेच मागणारे, म्हणून ‘आम्हांला’ म्हणायचं. आई एकेक ओळ म्हणते आणि मुलं उत्तर देतात:

बाळ येशू, आमच्या घराला आशीर्वाद दे.
आमच्यापाशी राहा.
दूर असलेल्यांना आणि आजाऱ्यांना आशीर्वाद दे.
त्यांच्यापाशी राहा.
ज्यांना आज घर नाही, त्यांना आशीर्वाद दे.
त्यांच्यापाशी राहा. आमेन.

उत्तर दोनच शब्दांचं असल्यामुळे न वाचता येणारं मूलही पहिल्या ओळीनंतर सामील होतं. दुसऱ्या ओळीनंतर आई थांबते आणि ज्याला हवं तो एक नाव घेतो. गेल्या वर्षी पुतण्याने जहाजावर असलेल्या आपल्या बाबांचं नाव घेतलं, आणि पुढची ओळ म्हणायला आईला जरा वेळ लागला. शेवटी आईबाबा प्रत्येक मुलाच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढतात.

तीन राजे या रात्री गोठ्यात नसतात. त्यांची गोष्ट लूकमध्ये नाही, मत्तयमध्ये आहे. ते खिडकीत उभे असतात. मुलं त्यांना रोज थोडं पुढे सरकवतात आणि ६ जानेवारीला गव्हाणीपाशी पोचवतात.