कर्जाचा विमा आणि माझं बदललेलं मत

पगारदारांचे टॅक्स रिटर्न भरून देणं हा माझा व्यवसाय. गृहकर्जाचा विषय निघाला की माझा सल्ला ठरलेला असे: बँक गळ्यात मारते तो कर्जविमा नको, स्वस्तातला टर्म प्लॅन घ्या. एक लाखाचा एकरकमी हप्ता कर्जातच मिसळला, तर साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांत त्याचे दोन लाखांवर जातात. हा विमा सक्तीचाही नाही. हे गणित आजही मला पटतं. पण तेवढ्यावर मी आता थांबत नाही.

पिंपरीतलं एक जोडपं. चाळीस लाखांचं कर्ज, वीस वर्षं, हप्ता ३४,७००. बायको सहकर्जदार. माझ्याच सल्ल्याने त्यांनी कर्जविमा नाकारला, कारण नवऱ्याकडे पन्नास लाखांचा टर्म प्लॅन होताच. पाच वर्षांनी तो हार्ट अटॅकने गेला. तोवर वीस लाखांवर हप्ते भरून झाले होते, तरी मुद्दल सव्वापस्तीस लाख बाकी. सुरुवातीचे हप्ते व्याजातच जातात.

बायको निव्वळ वारस असती, तर तिची जबाबदारी वारशाने आलेल्या मालमत्तेपुरतीच राहिली असती. सहकर्जदाराला ही सवलत नाही; अख्खं कर्ज तिचं. आणि टर्म प्लॅन लग्नाआधीचा, नॉमिनी आई. विमा कायद्यातल्या २०१५च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर रकमेवर हक्क त्यांचाच. सासूबाईंनी थोडे पैसे दिले, बाकीचे म्हातारपणासाठी ठेवले. त्यांचं तरी काय चुकलं? इकडे सुनेच्या शेहेचाळीस हजारांच्या पगारातून हप्ता सुरूच. तीन महिने थकला की खातं एनपीए, मग सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस.

कर्जविम्याचे पैसे आधी बँकेत जातात, उरले तर नॉमिनीला. मला हाच त्याचा दोष वाटायचा. या घरात नेमकं तेच हवं होतं.

म्हणून मी बँकेच्या विम्याचा भक्त झालेलो नाही. त्याचं कवच बहुधा सुरुवातीला छापलेल्या तक्त्याप्रमाणे घटत जातं. व्याजदर वाढून मुदत लांबली की बाकी जास्त आणि विमा कमी, असं होतं. क्लेम मंजूर होईपर्यंत हप्तेही भरत राहावे लागतात.

आता कर्ज घेणारा आला की टर्म प्लॅन आहे का, हे मी नंतर विचारतो. आधी पॉलिसी काढायला लावून नॉमिनीचं नाव वाचतो. प्लॅन नवा असेल तर तो विवाहित स्त्री संपत्ती कायद्याखाली घ्यायला सांगतो, म्हणजे पैसे बायको-मुलांनाच मिळतात. कर्जविमाच घेतला असेल, तर तो कुणाच्या नावावर आहे ते पाहतो. पुष्कळदा तो एकट्या नवऱ्याचा निघतो. अर्धा हप्ता बायकोच्या पगारातून जात असतो, आणि ती गेली तर त्या विम्यातून एक रुपयाही मिळणार नसतो.